जुन्या गिऱ्हाइकाला थकबाकीची आठवण: तोच निरोप नम्र आणि ठाम कसा करावा

बहुतेक छोट्या व्यावसायिकांच्या फोनमध्ये साधारण असा एखादा निरोप सापडतोच:

«नमस्कार अण्णा, कसे आहात? घरी सगळे ठीक ना? त्रास देतोय, माफ करा. ते पेमेंटचं जरा बघता का? इकडे कागदवाल्याचा तगादा चालू आहे. तुमचे-आमचे इतक्या वर्षांचे संबंध, त्यामुळे बोलायलाही संकोच वाटतो. जमेल तसं बघा.»

समजा, हा निरोप कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका छोट्या छापखान्याचा आहे आणि अण्णा म्हणजे मसाल्याचे उद्योजक. अकरा वर्षं त्यांचे बॉक्स याच छापखान्यात छापले जातात. निरोप वाचून अण्णांना वाईट वाटेल, ते «हो रे, बघतो» म्हणतील आणि विसरतील. त्यांची नियत खराब आहे असं मुळीच नाही. निरोपात बिलाचा नंबर नाही, रक्कम नाही, तारीख नाही. अण्णांनी तो अकाउंट्सच्या माणसाला पुढे पाठवला, तर त्याला त्यातून काहीच करता येणार नाही. आणि «जमेल तसं» लिहून पैसे कधी द्यायचे हे आपणच त्यांच्यावर सोडून दिलंय.

हाच निरोप आपण नव्याने लिहू.

आधी खातं जुळवा

शब्दांना हात लावण्याआधी गिऱ्हाइकाचं लेजर उघडा. आपल्या उदाहरणात आजची तारीख 26 ऑगस्ट आहे आणि दोन बिलं बाकी आहेत. बिल 118 हे 12 जूनचं, 1,84,000 रुपयांचं. त्यापैकी 50,000 रुपये 20 जुलैला आले. बिल 131 हे 3 जुलैचं, 96,400 रुपयांचं. ठरलेली उधारी 30 दिवसांची. म्हणजे पहिल्याची मुदत 12 जुलैला संपली, दुसऱ्याची 2 ऑगस्टला, आणि एकूण बाकी 2,30,400 रुपये.

हे करताना तीन गोष्टी नक्की बघा. मध्येच आलेली एखादी एनईएफटी कुठल्या बिलाला लावायची राहून गेली आहे का? त्यांनी टीडीएस कापला असेल, तर तो धरूनच बाकी काढली आहे ना? खराब निघालेल्या मालाची डेबिट नोट त्यांच्याकडून आली आहे का? निरोपातला आकडा दोन हजारांनी जरी चुकला, तरी पुढचे आठ दिवस त्या दोन हजारांवरच बोलणं चालतं आणि दोन लाख तसेच राहतात. शिवाय चुकीचा आकडा ठामपणे मागितला की जुन्या माणसाला तो अपमान वाटतो, आणि तसं वाटणं बरोबरच आहे.

मग खोडायला घ्या

मूळ निरोपातली माफी सगळ्यात आधी काढा. माल दिला, तो त्यांनी वापरला, मुदत संपली. आपले पैसे मागणं हा त्रास देणं नाही. माफी मागितली की समोरच्याला वाटतं, मागणाऱ्यालाच आपल्या मागण्याची खात्री नाही.

त्यानंतर कागदवाल्याचा तगादा काढा. आपल्या अडचणी सांगितल्या की विषय बिलावरून आपल्या परिस्थितीवर घसरतो. मग अण्णाही त्यांची परिस्थिती सांगतात: बाजार थंड आहे, डीलरकडून पैसे आले नाहीत. दोघांच्या अडचणींची तुलना सुरू झाली की बिल मागे पडतं.

«जरा», «ते पेमेंटचं», «जमेल तसं» हे सगळं जाऊ द्या. याउलट «वारंवार सांगूनही», «आपल्या बेजबाबदारपणामुळे», «नाईलाजाने कायदेशीर कारवाई» ही भाषाही नको. रागाच्या भरात लिहिलेल्या दुसऱ्या मसुद्यात ती हमखास येते. पहिल्याच लेखी आठवणीत कोर्टाचं नाव निघालं, की अण्णा स्वतः फोन उचलणार नाहीत, वकिलाला विचारतील.

संबंधांचा उल्लेख मात्र राहू द्या, फक्त त्याची जागा बदला. सुरुवातीला आला की तो पुढच्या मागणीवरचं पांघरूण वाटतो. रक्कम आणि तारीख सांगून झाल्यावर तो आला की तो खरा वाटतो. आणि तो त्या माणसाबद्दलचाच असावा. «आपले जुने ऋणानुबंध» असं कुणालाही लिहिता येतं.

नवा मसुदा

विषय: बिल क्र. 118 व 131, बाकी रु. 2,30,400

नमस्कार अण्णा,

26 ऑगस्टअखेर तुमच्या खात्यावर 2,30,400 रुपये बाकी आहेत.

बिल 118 (12 जून): 1,84,000 पैकी 50,000 रुपये 20 जुलैला मिळाले. बाकी 1,34,000. मुदत 12 जुलैला संपली.
बिल 131 (3 जुलै): बाकी 96,400. मुदत 2 ऑगस्टला संपली.

ही रक्कम 5 सप्टेंबरपर्यंत जमा करावी, ही विनंती. एकदम जमणार नसेल तर 118 ची बाकी 5 सप्टेंबरला आणि 131 ची 15 सप्टेंबरला दिलीत तरी चालेल. दोन्हींपैकी काय करताय ते 29 ऑगस्टपर्यंत कळवा. बिलात किंवा मालात काही शंका असेल तर तीही तेव्हाच सांगा, मी लगेच बघतो.

दिवाळीच्या बॉक्सचं डिझाइन तयार आहे. 118 ची बाकी जमा झाली की त्याच दिवशी कागद मागवतो.

अकरा वर्षांत तुमच्याकडे बिल इतकं कधी थांबलं नव्हतं, म्हणून अकाउंट्सला न लिहिता आधी तुम्हालाच लिहितोय. उद्या सकाळी अकरानंतर फोन करतो.

दोन्ही बिलं, खाते उतारा आणि बँकेचा तपशील सोबत जोडला आहे.

यात ठामपणा कुठे आहे

आवाज कुठेही चढलेला नाही. ठामपणा दोन तारखांमध्ये आहे. 5 सप्टेंबर ही पैशांची तारीख आणि 29 ऑगस्ट ही उत्तराची. बहुतेक जण उत्तराची तारीख देतच नाहीत. मग पैशांची तारीख उलटून जाईपर्यंत आपल्याला काहीच कळत नाही. उत्तराची तारीख असली की तीन दिवसांत अंदाज येतो. तारीख निवडताना कॅलेंडर बघा. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या ऐन दिवसांतली तारीख दिली, तर «सण झाल्यावर» हे उत्तर आपणच त्यांच्या हाती दिलं असं होतं.

हप्त्यांचा पर्याय आपणच मांडावा. त्यातून सवलत तर दिसतेच, पण कुठलं बिल आधी आणि किती अंतराने, हेही आपणच ठरवतो. त्यांना विचारलं असतं, तर «थोडे थोडे देतो» इतकंच ऐकायला मिळालं असतं.

कागद मागवण्याचं वाक्य सगळ्यात जास्त विचार करून लिहायचं. आपण खरोखर जे करणार आहोत तेवढंच त्यात असावं. पैसे आले नाहीत तरीही दिवाळीची ऑर्डर आपण छापणारच असू, तर ते वाक्य लिहूच नये. एकदा बोलून मागे हटलो की पुढची प्रत्येक तारीख हलकी होते. वाक्याची घडणही बघा. «पैसे आले नाहीत तर छापणार नाही» आणि «जमा झाले की त्याच दिवशी मागवतो» यांचा व्यवहारातला अर्थ एकच. दुसऱ्यात अण्णांना पुढचा रस्ता दिसतो.

कायदा कुठे आणायचा

या मसुद्यात कायदा मुद्दाम नाही. पण आपली बाजू कुठे उभी आहे ते आपल्याला माहीत असावं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे मुदत जात नाही. करार नसेल तर ती 15 दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं. नुसत्या व्यापाऱ्याला, म्हणजे तयार माल घेऊन विकणाऱ्याला, या नोंदणीवरून हा हक्क मिळत नाही.

दुसऱ्या पत्राची वेळ आलीच, तर मी व्याजाच्या आधी गिऱ्हाइकाचं स्वतःचं नुकसान मांडीन. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेवर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट त्यांना व्याजासह परत करावं लागतं. बिल 118 चे 180 दिवस 9 डिसेंबरला भरतात. तसंच, सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं बिल मुदतीबाहेर गेलं आणि मार्चअखेरही थकलेलंच राहिलं, तर त्या वर्षी आयकरात तो खर्च त्यांना वजा मिळत नाही. हा नियम कर निर्धारण वर्ष 2024-25 पासून लागू आहे. «तुमच्या सीएंनाही हे एकदा दाखवा» एवढं पुढे जोडलं तर ते धमकीसारखं लागत नाही, आणि सीए स्वतःच पेमेंटच्या मागे लागतात.

पाठवताना आणि त्यानंतर

पूर्ण मजकूर ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर फक्त «अण्णा, 118 आणि 131 च्या बाकीचा मेल केलाय, 29 पर्यंत कळवा» एवढंच लिहा. रात्री दहानंतर पाठवू नका, आणि कुठल्याही ग्रुपवर तर नकोच.

दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे फोन करा. अण्णा म्हणतील, «अरे, करतो ना, पुढच्या आठवड्यात बघू.» तिथे गप्प बसू नका आणि वादही घालू नका. «चालेल अण्णा, मग पाच तारीख धरू ना?» एवढंच विचारा. हो म्हणाले की फोन ठेवल्यावर लगेच लिहा: «आत्ता बोलल्याप्रमाणे 118 चे 1,34,000 रुपये 5 सप्टेंबरला आणि 131 चे 96,400 रुपये 15 सप्टेंबरला. धन्यवाद.» त्यावर त्यांचं लेखी «होय» घ्या. थकलेल्या रकमेसाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी बाकी कबूल केली, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून दर मार्चअखेरीला बाकीच्या आकड्यावर त्यांची सही घेऊन ठेवणं चांगलं.

5 सप्टेंबरला पैसे आले, तर त्याच दिवशी पोच द्या, आणि कागदाची ऑर्डर दिल्याचंही त्यातच कळवा. नाही आले, तर 6 तारखेला सकाळी दोन ओळी पाठवा: «अण्णा, काल ठरलेले 1,34,000 जमा झालेले नाहीत. दिवाळीच्या बॉक्सचा कागद मागवायचं थांबवलं आहे. यूटीआर नंबर आला की सुरू करतो.» आणि खरंच थांबा.