फक्त कमिशनवरचं काम स्वीकारण्याआधी पहिल्या वर्षाचा हिशेब कसा मांडायचा

विमा एजंट आणि घरांची दलाली, या दोन्ही कामांच्या जाहिरातीत "महिना ५० हजारांपर्यंत कमाई" असं छापलेलं असतं. तो आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो कुणाचा आणि कितव्या वर्षाचा हे जाहिरात सांगत नाही. नव्या माणसाला हवा असतो तो स्वतःचा आकडा: पहिल्या बारा महिन्यांत बँकेत किती येईल, खिशातून किती जाईल आणि पहिला रुपया कधी दिसेल. हा हिशेब एका कागदावर मांडता येतो. त्यासाठी एक दुपार मोकळी ठेवा आणि मोबाइलमधली नावांची यादी समोर घ्या.

१. आधी हे नोकरीचं पत्र आहे की एजन्सीचा करार, ते बघा

मुलाखतीत "जॉइनिंग", "टीम", "टार्गेट", "प्रमोशन" असे नोकरीचे शब्द वापरले जातात आणि सहीसाठी मात्र एजन्सीचा करार पुढे येतो. कागदावर मूळ पगार, भविष्य निर्वाह निधी आणि रजा यांचा उल्लेख नसेल, तर तुम्ही कर्मचारी नाही. कंपनी तुम्हाला आजारपणाचं किंवा पेट्रोलचं काहीही देणं लागत नाही. टीडीएससुद्धा पगार म्हणून नव्हे, कमिशन म्हणून कापला जातो. तुमच्यावर कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. पॅन दिला नसेल तर कपात थेट २० टक्क्यांवर जाते.

प्रशिक्षणाच्या किटसाठी किंवा "अनामत" म्हणून पाच-दहा हजार मागणाऱ्यांकडून तिथूनच परत फिरा. विमा एजंट व्हायला दहावी पास, वय किमान १८, ठरलेलं प्रशिक्षण आणि एक परीक्षा एवढंच लागतं, आणि त्याचा खर्च शेकड्यांत मोजण्याइतका असतो.

२. कमिशनचा दर विचारू नका, तक्ता मागा

"आमच्याकडे २५ टक्के" या वाक्यावरून काहीच ठरत नाही. दर पॉलिसीच्या प्रकारावर अवलंबून असतो. दीर्घ मुदतीच्या पारंपरिक बचत पॉलिसीला पहिल्या वर्षी चांगलं कमिशन असतं आणि पुढच्या हप्त्यांवर ते बरंच कमी होतं. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीवर ते साधारण २ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे कुणी पाच लाख एकदम भरले तरी एजंटाच्या हाती दहा हजारच येतात. २०२३ पासून दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाल्यामुळे एका कंपनीचा तक्ता दुसरीला लागू पडत नाही.

तक्ता हातात आल्यावर तीन ओळी शोधा: वार्षिक आणि मासिक हप्त्यात कमिशन कसं मिळतं, पॉलिसी बंद पडली तर दिलेलं कमिशन परत कापतात का, आणि तुम्ही काम सोडलंत तर पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन मिळतं का. तिसरी ओळ बहुतेक जण विचारतच नाहीत.

३. विमा एजंटाचं पहिलं वर्ष, आकड्यांत

मोबाइलमध्ये हजार नावं असली तरी कामाची यादी लहानच निघते. ज्यांच्या घरात आधीच एजंट आहे त्यांची नावं खोडा. ज्यांचं उत्पन्न अनियमित आहे आणि ज्यांच्याशी वर्षात एकदाही बोलणं झालेलं नाही, तेही काढा. समजा सत्तर नावं उरली आणि त्यांतून वर्षभरात २० पॉलिसी झाल्या. प्रत्येकीचा वर्षाचा हप्ता २०,००० रुपये आणि कमिशन २५ टक्के धरू. कागदावर २० गुणिले ५,००० म्हणजे एक लाख रुपये होतात. भरती करणारा माणूस हाच आकडा दाखवतो.

आता तो बँकेत कसा येतो ते बघा. ८ जणांनी वर्षाचा हप्ता एकदम भरला, त्याचे ४०,००० आले. उरलेल्या १२ जणांनी मासिक हप्ता घेतला आणि दर महिन्याला अशी एक पॉलिसी झाली. पहिल्या महिन्यातल्या ग्राहकाचे वर्षात १२ हप्ते येतील, बाराव्या महिन्यातल्याचा एकच. एकूण ७८ हप्ते. प्रत्येक हप्त्यावर सुमारे ४१७ रुपये कमिशन, म्हणून ३२,५०० रुपये. बेरीज ७२,५००.

यातून गळती वजा करायची. नवी पॉलिसी न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. वार्षिक हप्त्याची एक परत आली, ५,००० गेले. मासिक हप्त्याच्या दोघांनी तीन-तीन हप्ते भरून थांबवलं. एकाची पॉलिसी दुसऱ्या महिन्यातली होती, दुसऱ्याची चौथ्या महिन्यातली, म्हणजे १४ हप्ते आलेच नाहीत. ते सुमारे ५,८०० रुपये. उरले ६१,७००.

खर्च असा: दुचाकीचं पेट्रोल महिना २,२०० धरून २६,४००, मोबाइल ४,८००, परीक्षा-प्रशिक्षण-फोटो-झेरॉक्स १,५००, कार्ड, कॅलेंडर आणि डायऱ्या ४,०००. एकूण ३६,७००. हाती राहिले २५,०००. महिन्याला दोन हजारांच्या जरा वर.

हे आकडे मुद्दाम कमी धरलेत असं वाटत असेल, तर एलआयसीच्या विमा सखी योजनेची अट बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महिला एजंटांना पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यासाठी वर्षात किमान २४ जणांचा विमा आणि बोनस कमिशन सोडून ४८,००० रुपये कमिशन हे उद्दिष्ट ठेवलेलं आहे. म्हणजे पॉलिसीमागे सरासरी २,००० आणि महिन्याला ४,०००. आपल्या उदाहरणात आपण पॉलिसीमागे ५,००० धरले होते! महिलांनी कमिशनच्या आशेपेक्षा आधी या विद्यावेतनाच्या अटी नीट वाचाव्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी रक्कम ६,००० आणि ५,००० होते आणि आधीच्या पॉलिसी चालू राहण्याची अट लागते.

४. वहीत न दिसणारा खर्च

विम्यातला सगळ्यात मोठा छुपा खर्च म्हणजे ग्राहकाचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरणं. "पहिला हप्ता तू भर, पगार झाला की देतो" असं मेहुणा म्हणतो. महिनाअखेर टार्गेटला एक पॉलिसी कमी असते, वरचा साहेबही "भरून टाक" म्हणतो. १,६६७ रुपये भरून ४१७ मिळतात. मेहुण्याने दिले नाहीत तर नातंही गेलं आणि पैसेही. शिवाय ग्राहकाला कमिशनचा वाटा परत देणं हे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार बेकायदा आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. "सगळेच देतात" हे उत्तर तिथे चालत नाही. ज्याचा व्यवसाय असा वाटा देऊनच उभा राहतो, त्याचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न शून्य धरा.

५. घरांच्या दलालीत पैसा मोठा, पण उशिरा

महाराष्ट्रात नोंदणीकृत गृहप्रकल्पातली घरं विकायची तर महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे एजंट म्हणून नोंदणी लागते. व्यक्तीसाठी मूळ शुल्क १०,००० रुपये असून ती पाच वर्षं चालते. त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणीशिवाय असं काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. निव्वळ भाड्याचं काम मात्र या नोंदणीत येत नाही, म्हणून नवा माणूस बहुधा भाड्यापासून सुरुवात करतो आणि ते योग्यच आहे.

पुण्याच्या उपनगरात २२,००० भाड्याचा फ्लॅट लावून दिला आणि एका महिन्याचं भाडं दलाली मिळाली असं धरू. काही ठिकाणी १५ दिवसांचंच भाडं मिळतं, ते आधी विचारून घ्या. वर्षात असे १० व्यवहार झाले. त्यातले ५ पूर्ण तुमचे, १,१०,०००. उरलेल्या पाचांत मालक दुसऱ्या दलालाचा, म्हणून निम्मी वाटणी, ५५,०००. एका व्यवहारात मालक आणि भाडेकरूने तुम्हाला बाजूला ठेवून परस्पर करार केला, २२,००० गेले. उरले १,४३,०००.

आता नव्या प्रकल्पातला एक व्यवहार: ७० लाखांचा फ्लॅट, २ टक्के दलाली, १,४०,०००. गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाने आणलं असेल तर ७०,०००. टोकनच्या दिवशी पेढे वाटले जातात, पण पैसा तिथे नसतो. गिऱ्हाईकाने ठरलेली रक्कम भरायची, करारनामा नोंदवायचा, मग तुम्ही बिल्डरला बिल द्यायचं, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पैसे यायचे. जूनमधलं बुकिंग ऑगस्टमध्ये नोंदवलं गेलं तर रक्कम नोव्हेंबरच्या आसपास दिसते. कर्ज नामंजूर झालं तर काहीच नाही, तोवर केलेल्या पंधरा साइट व्हिजिटचं पेट्रोल मात्र गेलेलं असतं.

खर्च: पेट्रोल महिना ४,५०० प्रमाणे ५४,०००, घरांच्या संकेतस्थळावरची जाहिरात महिना २,००० प्रमाणे २४,०००, मोबाइल ६,०००, नोंदणी-प्रशिक्षण-परीक्षा मिळून १५,०००. एकूण ९९,०००. फ्लॅटचा व्यवहार झाला नाही तर वर्षाअखेर ४४,००० हाती, झाला आणि निम्म्या वाटणीचे ७०,००० वेळेत आले तर १,१४,०००. एका व्यवहाराने वर्षाचं चित्र दुपटीहून जास्त बदलतं, म्हणून हिशेबात तो व्यवहार धरायचाच नाही. आला तर वरकड.

एखाद्या दलालाच्या ऑफिसात बसून काम करणार असाल तर वाटणी किती हे सुरुवातीलाच लेखी घ्या. ४० टक्के वाटा असेल तर १,४०,००० मधले तुमचे ५६,००० होतात. जाहिरातीचा खर्च कुणाचा, हेही त्याच कागदावर यायला हवं.

६. किती महिने तग धरता येईल, ते ठरवा

घरखर्चाचा तुमचा वाटा महिना १५,००० असेल आणि कामाचा खर्च दलालीत सुमारे ८,०००, तर दरमहा २३,००० लागतात. पहिले चार महिने उत्पन्न शून्य धरा, पुढचे चार महिने महिना १०,००० आले असं धरा. आठ महिन्यांचा खर्च १,८४,०००, आलेले ४०,०००, म्हणजे १,४४,००० शिल्लक हाताशी हवी. नसेल तर नोकरी किंवा दुकान सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी काम करा. विमा अशा अर्धवेळ कामाला जास्त सोयीचा, कारण ग्राहकही संध्याकाळीच घरी भेटतो. दलालीत घर दाखवायला भर दुपारी फोन येतो आणि तासाभरात पोहोचला नाहीत तर किल्ली दुसऱ्याच्या हातात असते.

७. सही करण्याआधी एक माणूस गाठा

त्याच शाखेत किंवा ऑफिसात बरोबर एक वर्ष काम केलेला एजंट शोधा. सत्कार झालेला वीस वर्षांचा जुना एजंट नको. त्याला कमाई किती हे विचारू नका, माणूस आकडा फुगवतो किंवा टाळतो. विचारा की तुझ्याबरोबर किती जणांनी सुरुवात केली होती आणि आज त्यातले किती येतात. मग विचारा, खात्यात पहिले पैसे कोणत्या महिन्यात आले आणि तोवर घर कसं चाललं. ही उत्तरं तुमच्या कागदावरच्या आकड्यांशेजारी लिहा. त्याचा पहिला महिना तुम्ही धरलेल्याहून उशिराचा निघाला, तर सहाव्या पायरीतली शिल्लक पुन्हा मोजा.