पडद्यामागचा काळा डाग: ‘नुसतं लक्ष ठेवू’ म्हटल्यावर या चुका टाळा

चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, “डोळ्याच्या पडद्यामागे एक छोटा काळसर डाग दिसतोय.” घाबरायला एवढं पुरेसं असतं. पण खरा गोंधळ पुढच्या वाक्याने होतो: “आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.” याचा अर्थ कुणी ‘काहीच नाही’ असा लावतं, कुणी ‘डॉक्टर काहीतरी लपवताहेत’ असा. दोन्ही चुकीचे.

असा डाग बहुतेक वेळा तीळ असतो. डॉक्टर त्याला नेव्हस म्हणतात. तो पडद्यावर नसतो. पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा थर असतो, त्यातल्या रंगपेशींचा तो पुंजका. पडद्याआडून दिसत असल्याने रंग करडा आणि कडा जराशा पुसट दिसतात. कोळशासारखा काळाकुट्ट, सपाट आणि कोरीव कडांचा डाग बहुधा वेगळाच असतो: पडद्याच्या रंगथरातली जन्मजात जाडसर जागा. तिची काळजी सहसा आणखी कमी. म्हणजे ‘जितका काळा तितका वाईट’ हा हिशोब इथे चालत नाही.

चूक पहिली: “मग तुकडा काढून तपासा ना!”

त्वचेवरचा तीळ कापून तपासता येतो, म्हणून ही मागणी साहजिक वाटते. डोळ्यात मात्र सुई पडद्यातून किंवा डोळ्याच्या भिंतीतून आत न्यावी लागते. त्यात रक्तस्राव होऊ शकतो, पडदा सरकू शकतो, आणि एवढ्या पातळ तिळातून हाती येणाऱ्या पेशी निदानाला पुरतीलच असं नाही. लेझरने ‘जाळून टाकणं’ तर मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. वरच्या पेशी जातात, खोलवरच्या उरू शकतात, आणि व्रणामुळे पुढची वाढ ओळखणं अवघड होतं. रेडिएशन खऱ्या कर्करोगासाठी उत्तम आहे, पण ते आजूबाजूच्या निरोगी पडद्यालाही इजा करतं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? गौरवर्णीय अमेरिकी लोकसंख्येवरून 2005 साली केलेल्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे 8,800 तिळांपैकी एकाचा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, होतो. एवढ्या लहान धोक्यासाठी चांगल्या डोळ्याची नजर पणाला लावायची नाही, म्हणून लक्ष ठेवायचं.

निर्णय कसा होतो

समजा, 46 वर्षांच्या एक बाई वाचायच्या चष्म्यासाठी आल्या आहेत. नजर पूर्ण, तक्रार काही नाही. उजव्या डोळ्यात करडा डाग: रुंदी साडेतीन मिलीमीटर, सोनोग्राफीवर जाडी 1.4 मिलीमीटर.

डॉक्टर पाच गोष्टी बघतात. तीळ भूछत्रासारखा वर फुगलाय का? त्यावर नारिंगी रंगाचे कण आहेत का? आकार मोठा आहे का? आधीच्या फोटोपेक्षा तो वाढलाय का? पडद्याखाली पाणी साठलंय का? या पाचांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘मोल्स’ म्हणतात, आणि प्रत्येक गोष्टीला 0 ते 2 गुण असतात. एकूण 0 म्हणजे साधा तीळ, 1 कमी धोक्याचा, 2 जास्त धोक्याचा. 3 किंवा अधिक झाले की डोळ्याच्या कर्करोगाच्या तज्ज्ञांकडे तातडीने पाठवतात.

या बाईंना आकाराचा एक गुण मिळतो, कारण जाडी 1 ते 2 मिलीमीटरच्या मध्ये आहे. बाकी चारही शून्य. जुना फोटो नसल्याने वाढीबद्दल आज काही सांगता येत नाही, आणि पुढची भेट लवकर ठेवण्याचं मुख्य कारण तेच. तिळावर पिवळट ठिपकेही आहेत. त्यांना ड्रुसेन म्हणतात. रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून अनेकांची झोप उडते, पण तिळावरचे ड्रुसेन तीळ बऱ्याच वर्षांचा आणि शांत असल्याची खूण मानतात. काळजी नारिंगी कणांची.

चूक दुसरी: दोन रिपोर्टमधले आकडे शेजारी ठेवून घाबरणं

बाई सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात जातात. सोनोग्राफीत जाडी येते 1.7 मिलीमीटर. घरी पोहोचेपर्यंत ‘तीळ वाढला’ हे पक्कं झालेलं असतं.

पण सोनोग्राफीचा किरण जरा तिरका पडला, किंवा मोजताना पडदा किंवा मागची भिंतही धरली गेली, तर दोन-तीन दशांश मिलीमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून डॉक्टर आधी फोटो काढतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जागच्या जागी असतात. तिळाची कड पहिल्या फोटोत जिथे वाहिनीला छेदत होती तिथेच आज छेदते का, हे पाहतात. बाईंच्या बाबतीत कड तसूभरही हललेली नाही. ओसीटी या स्कॅनमध्ये पडद्याखाली पाणी नाही. मग 1.7 हा आकडा मोजण्यातला फरक ठरतो, आणि खात्रीसाठी तीन-चार महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा मोजणी होते.

उलटी फसगतही होते. ओसीटीवर मोजलेली जाडी सोनोग्राफीपेक्षा बरीच कमी येते. ‘1.4 वरून 0.9 झाला, तीळ बरा होतोय’ असं समजून पुढची तारीख सोडून देणं ही जास्त महागाची चूक. कॅमेऱ्याचंही तसंच. पडद्याचा बहुतेक भाग एका फोटोत घेणारे रुंद कोनाचे कॅमेरे कडेच्या भागातला आकार ताणून दाखवतात, आणि त्यातल्या काहींचे रंगही खरे नसतात. तुलना नेहमी एकाच प्रकारच्या फोटोंची.

तरुणपणी तीळ वर्षानुवर्षांत किंचित रुंदावतो, त्यातही लगेच अर्थ शोधू नये. महिन्यांत दिसणारी वाढ आणि दशकात दिसणारी वाढ यांत मोठा फरक आहे.

चूक तिसरी: “आज थेंब नकोत, गाडी चालवायची आहे”

बाहुली मोठी केल्याशिवाय कडेचा तीळ नीट दिसत नाही. थेंबांचा परिणाम काही तास राहतो. त्या दिवशी सोबत कुणाला तरी आणावं.

चूक चौथी: चुकीच्या लक्षणांवर पहारा

डाग कळला की माणूस डोळ्यासमोर तरंगणारे काळे ठिपके मोजू लागतो. त्या ठिपक्यांचा तिळाशी संबंध नाही. ते डोळ्यातल्या जेलीत असतात आणि नजरेबरोबर हलतात. तीळ हलत नाही आणि सहसा स्वतःला दिसतही नाही. (ठिपक्यांचा अचानक पाऊस पडला तर त्याच दिवशी दाखवा, पण ती भीती पडदा फाटल्याची.)

तिळाच्या बाबतीत लक्ष द्यायचं ते पाणी साठल्याच्या खुणांकडे: सरळ ओळी वाकड्या दिसणं, एका बाजूला सावली येणं, नजर धूसर होणं, प्रकाश चमकणं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो, म्हणून एकेक डोळा झाकून पाहायचं. असं काही जाणवलं तर तारखेची वाट पाहू नये. मात्र काहीच जाणवत नाही म्हणून तारीख चुकवूही नये: तीळ मध्यबिंदूपासून दूर असेल तर तो बराच वाढेपर्यंत नजरेत फरक पडत नाही.

बाईंची पुढची मोजणी 1.5 येते, फोटो तसाच. त्यानंतर वर्षातून एकदा. डॉक्टर बदलायची वेळ आलीच तर कागदावरची छपाई किंवा मोबाइलवर पाठवलेला धूसर फोटो नेऊन उपयोग नाही. पहिल्या दिवशीच्या मूळ डिजिटल फाइल मागून घ्याव्यात, कारण नवा डॉक्टर वाहिनी आणि कड यांची जुळणी त्यांच्यावरूनच करणार असतो.