ग्रुपवर बोलण्याआधी त्याला एकट्याला लिहा

सदाशिव पेठेतल्या आमच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची मी चार वर्षं अॅडमिन होते. दरवर्षी जुनी मुलं पोस्ट मिळून किंवा गावाकडे परतून ग्रुपमधून बाहेर पडतात आणि नव्या कुणाच्या तरी हातात अॅडमिनपद येतं. त्या नव्या अॅडमिनला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट म्हणजे वाद मिटवणं, असं मला आधी वाटायचं. वाद सगळ्यांसमोर होतात, त्यामुळे ते निदान दिसतात तरी. एकाच्या विनोदांनी दुसरी व्यक्ती हळूहळू गप्प होत जाते ते दिसत नाही, आणि दिसलं तरी काय करावं ते कळत नाही. त्याबद्दल लिहिते.

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता. भूगोलाच्या नोट्स उत्तम काढायचा. नकाशे हाताने काढून, फोटो काढून टाकायचा, कुणी मागितलं तर रात्री अकरालाही समजावून सांगायचा. बोलणं मिश्कील, सगळ्यांना आवडणारा. आणि चंद्रपूरकडची एक मुलगी होती, तिसरा अटेम्प्ट देणारी. पूर्व परीक्षेची तारीख पुढे गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी तिने ग्रुपवर विचारलं, "आता सीसॅटचं वेळापत्रक नव्याने लावायचं का?" त्यावर त्याने लिहिलं, "आयोगाची तारीख लांबली, म्हणजे तुझ्या मंडपाची जवळ आली." चाळीसेक जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. तिनेही टाकला.

पुढच्या तीन आठवड्यांत असं आणखी तीनदा झालं. तिने काही विचारलं की लग्नावरून एखादी ओळ यायचीच. "टक्केवारी शिकून घे, हुंड्याचा हिशेब करायला लागेल" ही त्यातली सगळ्यात वाईट. मग एका रात्री तिचा मला मेसेज आला: "ताई, त्याला काही बोलू नका, तो वाईट नाहीये. पण मी ग्रुप सोडला तर चालेल का? नोट्स मैत्रिणीकडून घेईन."

तिच्या घरच्यांनी खरंच सांगून ठेवलं होतं, हा अटेम्प्ट शेवटचा, नंतर लग्न. त्याला हे माहीत नव्हतं. पण पेठेत राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या घरी हेच चाललेलं असतं, हे माहीत असायला त्याला तिच्या घरी जायची गरज नव्हती.

मी पहिल्यांदा केलं ते एवढंच की ग्रुपमध्ये वर जाऊन तिचे मेसेज वाचले. आधी ती रोज एखादा प्रश्न टाकायची. पहिल्या विनोदाला इमोजी, दुसऱ्यालाही इमोजी, तिसऱ्याला काहीच नाही, आणि चौथ्यानंतर बारा दिवस तिचा एकही मेसेज नव्हता. नव्या अॅडमिननी हे जरूर करावं. तक्रार खरी की खोटी हे तपासायला नव्हे. पुढे त्याला काय लिहायचं ते त्या चार ओळींतूनच मिळतं म्हणून.

दुसरं, तिला विचारलं: मी त्याच्याशी बोलले तर चालेल का, आणि तुझं नाव घेऊ का? ती म्हणाली, नाव नको. पण सगळे विनोद तिच्यावरच होते, तेव्हा नाव न घेताही तो ओळखणार हे उघड होतं. तेही मी तिला सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. मग आमचं ठरलं की मी स्वतः जे ग्रुपवर वाचलं तेवढ्यावरच बोलायचं. ते खरंही होतं, कारण चारही मेसेज मी वाचले होते आणि तेव्हा गप्प बसले होते.

इथे आधीच्या वर्षीची माझी चूक सांगायला हवी. तेव्हाही असाच एक प्रकार झाला होता, आणि मी ग्रुपवर सगळ्यांसाठी लिहिलं होतं, "कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळा, काही सदस्यांना त्रास होतो." मला वाटलं, कुणाचं नाव घेतलं नाही, सगळं सभ्यपणे झालं. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत चहाच्या सुट्टीत सगळे त्या मुलीकडे बघत होते. "तू तक्रार केलीस का गं?" असं तिला तिघांनी विचारलं. महिन्याभरात तिने अभ्यासिका बदलली. ज्याला उद्देशून लिहिलं होतं त्याला मात्र ते आपल्यासाठी आहे हे कळलंच नव्हतं. सगळ्यांना उद्देशून लिहिलेली सूचना बहुतेक वेळा अशीच चुकीच्या माणसाला लागते.

मेसेज डिलीट करणं किंवा माणसाला काढणं हेही सगळ्यांसमोरच होतं, हे विसरू नका. अॅडमिनने कुणाचा मेसेज उडवला की त्या जागी अॅडमिनने डिलीट केल्याची ओळ उरते. कुणाला काढलं की तीही नोंद सगळ्यांना दिसते. मग चर्चा सुरू होते, आणि चर्चा कुणावर येऊन थांबते ते वर सांगितलंच.

नवे अॅडमिन घाईने काढून टाकतात त्यामागे एक भीतीही असते: ग्रुपवर कुणी काही लिहिलं तर अॅडमिनवर गुन्हा दाखल होतो म्हणे. असा एक गुन्हा गोंदिया जिल्ह्यात खरंच दाखल झाला होता. एका सदस्याने महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली आणि अॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तो गुन्हा रद्द केला. दोघांचा समान हेतू असल्याचं दिसत नसेल, तर केवळ अॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे आधी एकट्याशी बोलायला एक दिवस घेतला तर तुमच्यावर आभाळ कोसळत नाही. पण त्या निकालाचा अर्थ गप्प बसायची मुभा असाही घेऊ नका.

आता तो मेसेज. पहिला मसुदा मी रात्री लिहिला आणि सुदैवाने पाठवला नाही. त्यात "तुझा स्वभाव", "मुलींबद्दलची तुझी मानसिकता" आणि "बऱ्याच जणांनी तक्रार केली आहे" असं सगळं होतं. बऱ्याच जणांनी तक्रार केलेली नव्हती. हे खोटं लिहिलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "कोण कोण?" आणि मग त्या यादीवरच भांडण होतं. स्वभावाबद्दल लिहिलं तर तो स्वभावाचा बचाव करत बसतो. सकाळी सातला, तो अभ्यासिकेत येण्याआधी, मी हे पाठवलं:

"तुझ्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे, फक्त तुझ्याशी. गेल्या तीन आठवड्यांत तू ग्रुपवर तिच्या लग्नावरून चार वेळा विनोद केलास. मंडपाची तारीख, हुंड्याचा हिशेब वगैरे. मी वाचले तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही, ती माझी चूक. तुला दुखवायचं नसणार हे मला माहीत आहे. पण चौथ्या विनोदानंतर तिने ग्रुपवर एकही प्रश्न विचारलेला नाही. कुणाच्याही लग्नावरून, घरच्या परिस्थितीवरून विनोद नको. आजपासून बंद कर. बाकीची तुझी गंमत चालू दे. तिला वेगळा मेसेज करू नकोस, सॉरी म्हणायलाही नको, आणि ग्रुपवरही याबद्दल काही लिहू नकोस. पुन्हा झालं तर मला ग्रुपवर तुझं नाव घेऊन बोलावं लागेल, ते मला नको आहे. काही बोलायचं असेल तर संध्याकाळी फोन कर."

यातली प्रत्येक ओळ मी का ठेवली ते सांगत बसत नाही, पण दोन ओळींबद्दल सांगते. त्याचेच शब्द उद्धृत केले, कारण "तुझे विनोद खटकतात" एवढंच लिहिलं तर कुठले, हे त्याला खरंच कळत नाही. तो दिवसातून दहा विनोद करतो. आणि सॉरी म्हणायला नको, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. मुलं मनाने चांगली असतात, मेसेज वाचला की त्यांना लगेच सगळं नीट करून टाकायचं असतं. ती थेट त्या मुलीला लिहितात, "सॉरी यार, तुला वाईट वाटलं का? मला सांगायचंस ना." मग तिने उत्तर द्यायचं, त्याची समजूत काढायची, "नाही रे, ठीक आहे" म्हणायचं. जिला त्रास झाला तिच्यावरच आणखी एक काम पडतं.

व्हॉइस नोट पाठवायचा मोह मला झाला होता. लिहिलेलं कोरडं वाटतं, आवाजात माया येते, हे खरं. पण व्हॉइस नोट माणूस एकदा घाबरून ऐकतो आणि त्यातला सूरच लक्षात ठेवतो. लिहिलेलं तो दुपारी शांतपणे परत वाचू शकतो.

त्याचं उत्तर वीस मिनिटांत आलं. "ताई, गंमत होती ओ. तिनेपण हसायचा इमोजी टाकलेला. बघा ना." हे उत्तर येणार असं धरूनच चाला. मी एवढंच लिहिलं, "हो, पहिल्या दोनदा टाकला. चाळीस जण हसत असताना ती दुसरं काय टाकणार होती?" यापुढे मी वाद घातला नाही. त्याने मान्य करावं हा माझा हट्ट नव्हता. थांबावं, एवढंच हवं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला, बराच वेळ तो नोट्सबद्दल बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माझ्या बहिणीचंपण असंच चाललंय घरी." मी फक्त "हं" म्हटलं.

नंतर तीन दिवस त्याने ग्रुपवर काहीच टाकलं नाही, नोट्ससुद्धा नाहीत. मुलं मला विचारू लागली. रुसलेल्याला मनवायला जाऊ नका, कारण मनवलं की "जाऊ दे, विसर ते" असं तोंडून निघून जातं आणि आधी लिहिलेल्याची किंमत राहत नाही. चौथ्या दिवशी मी ग्रुपवर कृष्णा खोऱ्याच्या उपनद्यांबद्दल एक साधा प्रश्न टाकला. दहा मिनिटांत त्याचा हाताने काढलेला नकाशा आला, कोयना-वारणा-पंचगंगा निळ्या पेनाने.

हे सगळं कधी करायचं नाही तेही सांगते. अश्लील फोटो, धमकी, जातीवरून बोलणं, किंवा रात्री-अपरात्री मुलीला वेगळे मेसेज करणं असेल तर समजावण्याचा मेसेज पाठवू नका. त्यामुळे समोरच्याला पुरावे पुसायला वेळ मिळतो. आधी स्क्रीनशॉट घ्यायला सांगा, माणसाला ग्रुपमधून काढा, आणि पोलिसांकडे जायचं का हे तिचं तिला ठरवू द्या, सोबत जायची तयारी ठेवा. ऑफिसचा ग्रुप असेल आणि विनोद लैंगिक असतील तर तिला अंतर्गत समितीबद्दल सांगा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने ती असावीच लागते, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. अॅडमिनने परस्पर मिटवलं म्हणून तिची ती मुदत निघून जाता कामा नये.

तिला मी त्याच दिवशी एक ओळ पाठवली होती: "बोलले. तुझं नाव घेतलं नाही. काही झालं तर लगेच सांग, आणि ग्रुप सोडू नकोस." तिने फक्त हात जोडलेला इमोजी पाठवला. नवव्या दिवशी ग्रुपवर तिचा मेसेज दिसला. नफा-तोट्याचं एक गणित होतं, सव्वीस मिनिटं कुणी उत्तर दिलं नाही. मग त्याने दिलं, तीन ओळींत, पायऱ्या घालून.