पॉपकॉर्नच्या वाटीत तेल किती?

पावसात घरी पॉपकॉर्न करताना कॅलरी मोजायच्या तर फुललेली वाटी नको, कच्चे दाणे वजनकाट्यावर टाका, कारण फुलणं दरवेळी कमीजास्त होतं. ३० ग्रॅम दाण्यांचा एक मोठा बाऊल होतो, एअर पॉपरमध्ये साधारण ११० कॅलरी. तेच कुकरमध्ये एक टेबलस्पून तेल घालून केले की १२० वाढल्या, म्हणजे बाऊल सरळ २३० चा, थोडं तेल कुकरला चिकटून राहतं ते सोडा. मी आधी बाटलीतूनच अंदाजे ओतायचो, एकदा चमच्याने मोजलं तर दोन टेबलस्पून निघालं! आता एकच टीस्पून, ४० कॅलरी, आच मध्यम ठेवून कुकर हलवत राहायचा, नाहीतर दाणे खाली करपतात. बटर वेगळं मोजा हां.