काटा हलला नाही, तरी लीक

केळीच्या एका पॅकहाउसमधल्या नव्या चिलर रूमची पाहणी करायला मे महिन्यात रावेर तालुक्यात गेलो होतो. साइट इन्स्पेक्शनच्या कामात नव्याने येणारी मुलं नेहमी विचारतात, रिपोर्टमध्ये एनसी, म्हणजे ठरलेल्या दर्जात न बसणारी बाब, कशी लिहायची आणि समोर ती दुरुस्त करायची तारीख काय टाकायची. तेव्हा मी त्यांना याच एका रिपोर्टची गोष्ट सांगतो. त्यात एकूण सात एनसी होत्या. तीन-चार कोणालाही दिसल्या असत्या. खरी गंमत उरलेल्यांत होती, आणि त्याहून जास्त त्यांच्या तारखांत.

केळीची रूम म्हणजे फ्रीझर नव्हे. माल साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवायचा. तेराच्या खाली गेला की सालीच्या आत तपकिरी रेषा उमटतात आणि फळ पिकताना राखाडी, निस्तेज होतं. ते लगेच दिसत नाही, पिकवायला घेतल्यावर कळतं आणि तोवर भांडण सुरू झालेलं असतं. या रूममध्ये आर-134ए गॅसची दोन युनिटं होती. मालकांना, त्यांना सगळे अप्पा म्हणत, माझ्या पाहणीपासून चौदाव्या दिवशी पहिला माल भरायचा होता. बाग कापणीला आलेली, त्यामुळे ती तारीख हलणार नव्हती.

मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गॅस भरण्याआधी लीक तपासायला पाइपिंगमध्ये दाबाने नायट्रोजन भरलेला होता. सुपरवायझरने आधी मला गेजसमोरच नेलं. गेजवर मार्करने लिहिलेलं होतं: सकाळी 6 वाजता, 300 पीएसआय. काटाही बरोबर 300 वर. फिटर धुळ्याकडचा होता, तो हसून म्हणाला, "काहीच लीक नही शे भाऊ, काटा हललाच नाही."

काटा हलला नाही, हीच अडचण होती.

बंद पाइपातला वायू तापला की त्याचा दाब वाढतो. सकाळी सहाला पाइप 27 अंशांवर असल्याची नोंद त्यांच्याच वहीत होती, कारण ते काम नीट करणारे लोक होते. दुपारी मी क्लिप थर्मामीटर पाइपला लावला, तर 42 आले. हिशोब सोपा आहे. गेजच्या आकड्यात वातावरणाचे 14.7 मिळवायचे आणि तापमानात 273. सकाळचा दाब 314.7, गुणिले दुपारचं तापमान 315, भागिले सकाळचं तापमान 300. उत्तर येतं 330, त्यातून 14.7 पुन्हा वजा केले की गेजवर जवळपास 315 दिसायला हवे होते. दिसत होते 300. म्हणजे नऊ तासांत पंधरा पीएसआय नायट्रोजन कुठूनतरी निघून गेला होता आणि ऊन त्यावर पांघरूण घालत होतं.

इथे घाईही करायची नाही. गेज 0 ते 500 चा होता, त्यावर पाच-पाचच्या रेघा. दोन-चार पीएसआयच्या फरकावर मी एनसी लिहिलीच नसती. शिवाय काही पाइप उन्हात, काही रूमच्या आत, सगळ्यांचं तापमान सारखं नसतं. पंधराचा फरक मात्र या सगळ्या चुकांच्या पलीकडचा होता. तोंडी ध्यानात ठेवायचं तर एवढंच: 300 पीएसआयच्या आसपास एका अंशाला साधारण एक पीएसआय.

हे मी उलट्या बाजूने शिकलो होतो. पहिल्याच वर्षी दुसऱ्या एका साइटवर संध्याकाळी भरलेला दाब सकाळी चौदाने कमी दिसला आणि मी ठसक्यात 'लीक, मेजर' लिहून मोकळा झालो. ठेकेदाराची माणसं दोन दिवस साबणाचं पाणी घेऊन जॉइंट पुसत बसली. लीक नव्हतंच, रात्र थंड होती. त्या दोन दिवसांची मजुरी माझ्या अडाणीपणाने बुडवली, म्हणून आता पाइपाचं तापमान नसलेली दाबाची नोंद मी नोंदच धरत नाही.

त्या दिवशी रिपोर्टमध्ये लिहिलं ते असं: "युनिट 2, सक्शन व लिक्विड लाइन. सकाळी 6 ला 300 पीएसआय, पाइप 27 अंश. दुपारी 3 ला 300 पीएसआय, पाइप 42 अंश. अपेक्षित सुमारे 315. दाब टिकलेला नाही. फोटो 11 व 12." यात कुणाचा दोष काढलेला नाही, 'काम निकृष्ट' असंही म्हटलेलं नाही. कुठे, काय मोजलं, काय असायला हवं होतं आणि पुरावा कोणता, एवढंच. असं लिहिलं की समोरचा वाद घालत नाही, कॅल्क्युलेटर काढतो. सुपरवायझरने तेच केलं आणि मग सही केली.

लीक शोधायला गेलो तर दुसरी एनसी हाती लागली. ब्रेझिंगच्या, म्हणजे टॉर्चने धातू वितळवून जोडलेल्या, सगळ्या जॉइंटवर काळं रबरी इन्सुलेशन आधीच चढवलेलं, टेप मारून बंद. दाब तपासण्याआधी जॉइंट झाकले तर साबणाचं पाणी लावणार कुठे? रूममध्ये थंड हवा सोडणाऱ्या कूलरजवळच्या एका एल्बोवरची, म्हणजे पाइपाच्या वळणावरची, बाही ब्लेडने चिरली, फेस लावला आणि वाट पाहिली. अर्ध्या मिनिटाने एल्बोच्या मागच्या बाजूला, जिथे टॉर्चची ज्योत नीट पोचत नाही तिथे, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. फिटर काही बोलला नाही, बॅटरी घेऊन जवळ आला आणि खडूने गोल काढला.

बाकीच्या झटपट सांगतो. आतून दार उघडण्याची दांडी अडकत होती. ही एकच एनसी मी 'आजच' म्हणून लिहिली, आणि ती होईपर्यंत दार लावून आत कोणी काम करायचं नाही असं तिथेच सांगितलं. कूलरच्या ड्रेन पाइपला पाणी धरून हवा अडवणारा यू-ट्रॅप नव्हता, म्हणजे पंखा त्याच पाइपातून बाहेरची गरम हवा आत ओढणार. छताच्या पफ पॅनलच्या दोन सांध्यांत सीलंट नव्हतं. आतले दिवे बंद करून दार लावलं की तिथून उजेडाची बारीक रेघ दिसायची. कंट्रोलरचा सेन्सर दाराच्या चौकटीशेजारी बसवलेला होता. दार उघडलं की तो गरम हवा मोजणार, मशीन धावत राहणार आणि कूलरसमोरचा माल तेराच्या खाली जाणार. तो परतीच्या हवेत हलवा, आणि कूलरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमानही वेगळं नोंदवा, असं लिहिलं.

सातवी एनसी बाहेर होती. दोन्ही कॉन्डेन्सिंग युनिटं पत्र्याच्या शेडखाली, भिंतीकडे तोंड करून, भिंत जेमतेम एक फुटावर. फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा युनिटमध्येच शिरत होती. हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही, म्हणून शेजारचं जुन्या रूमचं युनिट पाहिलं. तेही तसंच बसवलेलं आणि चालू होतं. सावलीत 41 अंश, त्या युनिटच्या हवा ओढायच्या तोंडाशी 49. आपल्याकडे मेमध्ये पारा 44-45 ला जातो, तेव्हा तिथे काय होईल ते अप्पांनीच ओळखलं. "मागच्या वर्षी दुपारी ते सारखं बंद पडायचं," म्हणाले. हाय प्रेशरवर ट्रिप होत असणार. उपाय: युनिटं शेडच्या मोकळ्या कडेला नव्या लोखंडी स्टँडवर न्यायची.

आता तारखा. ठेकेदाराने संध्याकाळी तक्ता पाठवला. सातही एनसींसमोर 'सात दिवस' आणि गॅस चार्जिंग पाचव्या दिवशी. नवखा माणूस असा तक्ता आनंदाने मान्य करतो, कारण सगळं चौदाव्या दिवसाच्या आत दिसतं. मी विचारलं, स्टँड कधी येणार? फॅब्रिकेटरने सहावा दिवस दिला होता. म्हणजे युनिट हलणार सातव्या दिवशी. युनिट हलवायचं तर पाइप कापायचा, नवे जॉइंट मारायचे. मग पाचव्या दिवशी भरलेल्या गॅसचं काय करणार, परत काढणार?

तिथे सुपरवायझर थांबला. सगळ्यात कठीण एनसी लीकची वाटत होती, पण चौदावा दिवस फॅब्रिकेटरच्या वेल्डिंगवर टांगलेला होता.

मग आम्ही तक्ता शेवटाकडून मागे लिहिला. चौदाव्या दिवशी माल. तेरावा दिवस मोकळा, कारण काहीतरी चुकतंच. अकरा-बारा, रिकामी रूम चोवीस तास चालवून तापमान पाहायचं. दहाव्या दिवशी गॅस. नवव्या दिवशी सकाळी दाबाची दुसरी नोंद, दाब टिकला तरच जॉइंटवर इन्सुलेशन, आणि दुपारपासून पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम, 500 मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद करून तो टिकतो का पाहायचं. आठव्या दिवशी सकाळी सहाला नायट्रोजन. सातव्याला युनिट हलवणं आणि ब्रेझिंग. रूमच्या आतले जॉइंट मात्र जागचे हलणार नव्हते, म्हणून त्यांच्या बाह्या काढणं, लीक शोधणं आणि दुरुस्ती पहिल्या दोन दिवसांत. पॅनल, ट्रॅप, सेन्सर कोणाच्या वाटेत येत नव्हते, ते मधल्या दिवसांत. स्टँड सहाव्याऐवजी सातव्याला आला तर तेरावा दिवस संपला, त्याहून उशीर झाला तर अप्पांना त्याच संध्याकाळी फोन करायचा, हेही तक्त्यात लिहिलं.

आणखी एक रकाना ठेकेदाराने गाळला होता, तो मी भरून घेतला. जॉइंट पुन्हा ब्रेझ करणं ही झाली दुरुस्ती. पण जॉइंट आधी झाकले का गेले? इन्सुलेशनचा माणूस रोजंदारीवर बाहेरून आलेला, त्याला परत बोलवायला नको म्हणून. त्यामुळे सुधारणा अशी ठरली: दाब टिकल्याच्या नोंदीवर सही झाल्याशिवाय इन्सुलेशनचा रोल स्टोअरमधून सुटणार नाही, आणि नोंदीच्या कागदावर पाइपाच्या तापमानाचा रकाना छापील असेल. हा रकाना 'यापुढे काळजी घेऊ' असा भरून आला तर मी परत पाठवतो.

नवव्या दिवशी सकाळी सहाला मी पुन्हा तिथे होतो. आदल्या सकाळी 300, पाइप 28 अंश. आज काटा 299 च्या आसपास. मी खिशातून फोन काढेपर्यंत फिटरने क्लिप पाइपला लावली होती. "सत्तावीस," तो म्हणाला. "एक अंश कमी, एक पीएसआय कमी. इन्सुलेशनवाल्याला फोन करू ना भाऊ?"