पावसाआधी एक्सलचे बूट तपासा: मोली ग्रीसला जादा पैसे कुठे द्यावेत, कुठे नको

शेतमाल आणणाऱ्या पिकअपला किंवा चारही चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीला खरा त्रास रस्त्यावर होत नाही, तो शेतात होतो. पहिला गिअर, मागे भरलेला माल, पायाखाली चिखल आणि बांधाच्या टोकाला स्टीअरिंग पूर्ण कापून वळण. अशा वेळी पुढच्या चाकाजवळच्या सीव्ही जॉइंटमध्ये, म्हणजे एक्सलची ताकद वळलेल्या चाकापर्यंत पोचवणाऱ्या सांध्यात, सहा गोळ्या आपापल्या खाचांतून मागेपुढे घासत असतात. वेग कमी आणि दाब जास्त असल्यामुळे तेलाचा थर गोळीखालून पिळून निघतो आणि लोखंड लोखंडाला भिडायला लागतं.

मोली ग्रीस उपयोगी पडतं ते नेमकं इथे. मोली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, डब्यावर MoS2 असं लिहिलेलं असतं. त्याचे सूक्ष्म पापुद्रे पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवरून सरकतात आणि तेल हटलं तरी खाचेला चिकटून राहतात. सीव्ही जॉइंटच्या ग्रीसमध्ये त्याचं प्रमाण साधारण ३ टक्के असतं. म्हणून बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या गोळ्यांच्या जॉइंटला मोलीचे जादा पैसे जरूर द्यावेत. एका जॉइंटला ग्रीस लागतं साधारण ८० ते १२० ग्रॅम, गाडीप्रमाणे कमीजास्त. एवढ्याशा ग्रीसमधला फरक नव्या जॉइंटच्या किमतीपुढे काहीच नाही.

पण मोली काय करत नाही, हेही नीट समजून घ्या. ते पाणी अडवत नाही, गंज थांबवत नाही आणि आत गेलेली वाळू निरुपद्रवी करत नाही. हे सगळं काम जॉइंटवर चढवलेल्या रबरी बूटाचं आहे. बूट फाटलेला असेल तर कितीही महागडं ग्रीस भरा, चिखलपाणी आत जाणारच.

गेल्या हंगामात आमच्या पिकअपच्या दोन्ही बाजूंनी मला हा धडा दिला. डाव्या बूटाच्या घडीत नखाएवढी चीर पावसाआधीच सापडली, तेव्हा जॉइंटचा आवाज काही नव्हता. उजव्या बाजूचा बूट मात्र पेरणीच्या धांदलीत बघायचा राहिला आणि फाटक्या बूटावर गाडी दोन आठवडे चिखलात चालली. वळताना कट कट सुरू झाल्यावर मी फटीतून पंपाने चांगलं मोली ग्रीस भरलं. आवाज दबला, मला बरं वाटलं. आठवड्याभरात तो दुप्पट होऊन परत आला. घट्ट ग्रीसने आवाज फक्त झाकला होता, झिजलेली खाच भरून येणार कुठून? तो जॉइंट शेवटी बदलावा लागला. डावा मात्र धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट घालून आजही बिनआवाज चालतो आहे.

तपासणी दहा मिनिटांची आहे. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण कापा, म्हणजे बूटाच्या घड्या उघडतात. प्रत्येक घडी बोटांनी फाकवून आत बघा, कारण चीर बहुतेकदा घडीच्या तळाशी पडते. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा सस्पेन्शनवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट गेला असं समजा. मग मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण कापून हळू गोल चालवा. कट कट आली तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. सरळ चालताना जोर दिल्यावर गाडी थरथरत असेल तर संशय आतल्या जॉइंटवर घ्या.

बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी जॉइंट वाचतो. एक्सल काढा आणि जुनं ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. काळ्या ग्रीसमध्ये घाण डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र कचकच लागते. पाण्याचा संशय असेल तर जुन्या चमच्यात वाटाण्याएवढं ग्रीस घेऊन, डोळे जपून, खालून तापवा. पाणी असेल तर तडतडतं. दोन्हीपैकी काहीही आढळलं तरी जॉइंट रॉकेलने पूर्ण धुवा आणि पूर्ण सुकवा. मग जॉइंट वाकवून एकेका खाचेत बघा. नुसती चकाकी असेल तर हरकत नाही. खड्डे असतील किंवा नख अडेल अशी कड आली असेल, तर ग्रीसवर पैसे घालू नका, जॉइंट बदला.

भरताना ग्रीस बोटाने गोळ्यांच्या मागे, खाचांत दाबून बसवा. अर्ध्याहून बरंच जास्त जॉइंटमध्ये जावं, उरलेलं बूटात. बूट गच्च भरला तर तो फुगतो आणि क्लॅम्प सरकतो. छोटा क्लॅम्प आवळण्याआधी बूटाची कड बोथट काडीने जरा उचलून कोंडलेली हवा सोडा. हे राहिलं तर बूट पिचकतो किंवा फुगतो आणि घडीत लवकर चिरतो.

आतला जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, बहुतेक वेळा तीन रोलरचा असतो. रोलरखाली बारीक सुया असतात आणि त्यांनी घासायचं नाही, फिरायचं असतं. इथे बरेच उत्पादक मोलीविना, पॉलीयुरिया जातीचं ग्रीस सांगतात. बूटाच्या किटमध्ये ग्रीसच्या दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या आल्या तर म्हणूनच अदलाबदल करू नका. लिथियम आणि पॉलीयुरिया ग्रीस मिसळलं तर पुष्कळदा पातळ होऊन क्लॅम्पखालून गळतं. नुसत्या रंगावरूनही ठरवू नका. काळं ग्रीस ग्रॅफाइटचंही असू शकतं आणि विरघळणारं मोली असलेलं ग्रीस काळं नसतंही. डब्यावरची जात आणि कोणत्या जॉइंटसाठी आहे तेच वाचा.

स्टीअरिंग रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला, मात्र मोलीचा खर्च मला पटत नाही. तिथे दातांवर पातळ थर पुरतो आणि त्यासाठी कंपनीने सांगितलेलं चांगलं लिथियम ग्रीस बास आहे. इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये प्लास्टिकचा दातेरी गिअर असू शकतो, तिथे तर सांगितलेल्या ग्रीसशिवाय दुसरं काहीच नको. रॅकच्या टोकाचे रबरी भाते ग्रीसने भरायची सवय काही जणांना असते, ती सोडा. स्टीअरिंग फिरवताना भात्यातली हवा इकडून तिकडे जावी लागते. ग्रीसने वाट बुजली तर भाता फुगून फाटतो. भात्याच्या बारीक तोंडाला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या, म्हणजे टाय रॉड फिरवताना तो पिळला जात नाही. हायड्रॉलिक रॅकच्या भात्यात तेल सापडलं तर सील गेलंय, ते काम ग्रीसचं नाही.

बूट बदलल्यावर चार-पाच दिवस गाडी चालवा, मग चाकाची आतली बाजू कापडाने पुसून पुन्हा बघा. क्लॅम्पपाशी ग्रीसची ताजी रेघ असेल तर पाऊस पडायच्या आत क्लॅम्प बदलून घ्या.