बाटलीवरचा क्रमांक आणि लेखातला क्रमांक

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचं १० मिलीमोलर द्रावण करायला घेतलं. १० मिलिलिटरसाठी इंटरनेटवर सापडलेला रेणुभार ३३५.९ धरला आणि ३३.६ मिलिग्रॅम पूड तोलली. पेशींवरचे आकडे आधीच्या गटांपेक्षा सारखे कमी यायचे. तीन आठवडे पेशींनाच दोष देत होतो. मग एका सिनियर ताईनं बाटली उचलून लेबल वाचायला लावलं. त्यावर 747-36-4 असं छापलं होतं. हा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सल्फेटचा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाची ओळख पटवणारा नोंदणी क्रमांक. मी वहीत लिहिलेला 118-42-3 हा मूळ रेणूचा, म्हणजे बेसचा. सल्फेटचा रेणुभार ४३४ च्या आसपास असतो, त्यामुळे ४३.४ मिलिग्रॅम तोलायला हवे होते. माझं द्रावण प्रत्यक्षात ७.७ मिलीमोलरच होतं.

तेव्हापासून रसायनाचा क्रमांक मी नेहमी बाटलीवरूनच उतरवतो, नावावरून शोधत नाही. नुसत्या नावातून मीठ कोणतं ते कळत नाही. २०० मिलिग्रॅम सल्फेटच्या गोळीतही बेस साधारण १५५ मिलिग्रॅमच असतो. म्हणून ‘पद्धती’ विभागात पहिल्या उल्लेखालाच मिठासकट नाव आणि क्रमांक लिहा: हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सल्फेट, सीएएस 747-36-4.

क्रमांक उतरवताना चूक झालीच, तर ती पकडायची सोय त्यातच आहे. शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. बाकीचे अंक उजवीकडून घेऊन त्यांना १, २, ३ असं क्रमानं गुणायचं आणि बेरीज करायची. 747-36 साठी:

```
6×1 + 3×2 + 7×3 + 4×4 + 7×5 = 84
```

बेरजेचा एकक ४, म्हणजे क्रमांक बरोबर. या अंकांपैकी शेजारचे दोन वेगवेगळे अंक उलटसुलट झाले तर बेरीज हमखास चुकते. पण बेसचा क्रमांकही या परीक्षेत पास होतो. त्यामुळे आकडेमोडीनं टायपिंगची चूक सापडेल, चुकीची बाटली सापडणार नाही.

जनुकक्रमाच्या बाबतीत नवखे लोक अडखळतात ते नोंदीच्या क्रमांकातल्या टिंबापाशी. आम्ही प्रायमर जुळवायला सार्स-कोव्ह-२ चा वुहानमधला संदर्भक्रम घेतला होता आणि पहिल्या मसुद्यात मी नुसतं MN908947 लिहिलं होतं. जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात या नोंदीच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि टिंबानंतरचा अंक आवृत्ती सांगतो. जानेवारी २०२० मध्ये आलेली पहिली ३०,४७३ बेसांची होती, दुसरी २९,८७५ ची आणि तिसरी २९,९०३ ची. टिंब न देता शोधलं तर सगळ्यात नवी आवृत्ती उघडते. ती आज जी आहे तीच तुमच्या कामाच्या दिवशी होती, असं नाही. क्रमातलं एक जरी अक्षर बदललं तरी टिंबानंतरचा अंक वाढतो, पण नोंदीतला पत्ता किंवा टिपण सुधारलं तर तो तसाच राहतो. म्हणून लिहायचं ते असं: GenBank MN908947.3. हाच क्रम रेफसेक या संदर्भक्रमांच्या संग्रहात NC_045512.2 या नावानं आहे. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच धरा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही दोन वेगळे क्रम वापरलेत.

तुमचा स्वतःचा क्रम असेल तर जर्नलकडे लेख पाठवायच्या आधीच जेनबँकमध्ये जमा करा. लेख छापून येईपर्यंत नोंद बंद ठेवायची विनंती करता येते. मात्र लेख आला की ती उघडली आहे ना, हे स्वतः शोधून बघा. लेखात क्रमांक आहे आणि शोधलं तर काहीच सापडत नाही, हा वाचकाला होणारा सगळ्यात मोठा त्रास आहे.

प्रस्तावनेत मला याच औषधाच्या रुग्णचाचण्यांचा आढावा घ्यायचा होता. यादी करताना NCT04381936 आणि ISRCTN50189673 अशा दोन ओळी केल्या. दोन्ही क्रमांक ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचेच! एकच चाचणी दोन नोंदवह्यांत असू शकते. नोंदीत ‘इतर क्रमांक’ असा रकाना असतो, तो आधी वाचला असता तर एकच चाचणी मी दोनदा मोजली नसती.

आपल्याकडच्या सीटीआरआय या रुग्णचाचण्यांच्या नोंदवहीचा क्रमांक CTRI/2020/04/024775 असा असतो. हा कोविडमधल्या प्लाझ्मा चाचणीचा, २०२० च्या एप्रिलमध्ये नोंदलेला. तिरप्या रेघा आणि पुढचं शून्य गाळू नका. अर्ज भरल्यावर आधी REF नं सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो अर्जाचा क्रमांक आहे, नोंदणीचा नाही, म्हणून तो लेखात द्यायचा नाही. दुसऱ्या कुणाची चाचणी उद्धृत करताना नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. नोंदणी नंतरची असेल, तर मोजायची फलितं निकाल पाहण्याआधीच ठरली होती, याचा पुरावा त्या क्रमांकातून मिळत नाही. मी आता तक्त्यात क्रमांकाशेजारी या दोन्ही तारखा आणि नोंद पाहिल्याचा दिवस लिहितो, कारण चाचणी चालू असताना नोंद सुधारली जाते.